पोटॅशियम ६.२ आलं, लॅबला नेमकं काय विचारायचं?

वाचकाचं पत्र

माझी आई ६८ वर्षांची आहे, बार्शीला असते. बीपीसाठी काही वर्षांपासून टेल्मिसार्टन ४० चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. नेहमीच्या चेकअपसाठी घरी येऊन रक्त नेलं, तपासणी पुण्याच्या मुख्य लॅबमध्ये झाली. रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.२, ठळक अक्षरांत, शेजारी ‘हाय’. बाकी सगळं नॉर्मल. मी लॅबला मेसेज केला, ‘रिपोर्ट नक्की बरोबर आहे का? कृपया चेक करा.’ उत्तर आलं, ‘त्याच सॅम्पलवर टेस्ट रिपीट केली, ६.१ आलं. रिपोर्ट बरोबर आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ आईला काहीही त्रास नाही. तिला पुन्हा रक्त द्यायला लावायचं का? हा आकडा चुकू शकतो का, कशामुळे? आणि लॅबला विचारायचं तर नीट कसं विचारायचं? रिपोर्ट सोबत जोडला आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर

पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. आईंना आजच्या आज जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेऊन ईसीजी काढा, डॉक्टरांना दाखवा आणि तिथेच पोटॅशियमसाठी नवं रक्त द्या, लॅबशी पत्रव्यवहार नंतर होईल, असं मी सांगितलं. तुम्ही तसं केलंत आणि पुढे काय झालं तेही कळवलंत. त्यामुळे इथे निवांतपणे लिहिता येतंय. पण असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या इतर वाचकांसाठी तो क्रम आधी स्पष्ट करते.

पोटॅशियमची नेहमीची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ३.५ ते ५.१ च्या आसपास असते. ५.५ ते ५.९ आलं, माणूस बरा आहे आणि हा आकडा अनपेक्षित आहे, तर दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासलं तरी चालतं. ६.० ते ६.४ असेल तर चोवीस तासांच्या आत. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर फोन, मेसेज काही नको, सरळ हॉस्पिटल गाठायचं. ब्रिटनमधल्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेनं याच टप्प्यांनी मार्गदर्शन केलंय आणि आपल्याकडेही ते तितकंच लागू पडतं. ज्याला किडनीचा आजार आहे, छातीत धडधडतंय, हातापायांत बळ नाहीसं वाटतंय, त्याने आकडा कितीही असो, लगेच जावं. पोटॅशियम खरोखर वाढलेलं असेल तर हृदयाची लय बिघडते, आणि ती बिघडण्याआधी माणसाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. ‘आईला काहीच त्रास नाही’ हा दिलासा म्हणून धरू नका. ईसीजी नॉर्मल आला तरी प्रश्न पूर्ण मिटत नाही, कारण वाढलेलं पोटॅशियम दर वेळी ईसीजीत दिसतंच असं नाही. ईसीजी बिघडलेला दिसला तर मात्र नव्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू होतात.

आता लॅबकडे वळू. ‘रिपीट केलं, ६.१ आलं, रिपोर्ट बरोबर आहे’ हे उत्तर त्यांनी खोटं दिलेलं नाही. पण त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालेलं नाही. त्याच सॅम्पलवर टेस्ट पुन्हा केली की फक्त मशीन तपासलं जातं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, खेचणाऱ्या सुईत गुठळीचा धागा अडकला होता का, बुडबुडा आला होता का, इलेक्ट्रोड बिघडला होता का, एवढंच त्यातून कळतं. ६.२ आणि ६.१ जवळजवळ सारखेच आहेत, म्हणजे मशीन ठीक आहे. त्या बल्बमधल्या सीरममध्ये पोटॅशियम खरंच ६.२ होतं. ते आईंच्या अंगातही तेवढंच होतं का, की शिरेतून निघाल्यापासून मशीनपर्यंत पोचेपर्यंत बल्बमध्ये वाढलं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच सॅम्पलवर ती टेस्ट दहा वेळा केली तरी तो सुटणार नाही. म्हणून लॅबशी बोलताना ‘रीटेस्ट’ एवढाच शब्द वापरू नका. ‘जुन्याच सॅम्पलवर रिपीट’ हवंय की ‘नवं सॅम्पल’ हवंय, ते उघड सांगा. तुम्हाला नवं सॅम्पल हवं होतं.

बल्बमध्ये पोटॅशियम वाढतं कसं, ते समजलं की लॅबला काय विचारायचं तेही आपोआप सुचतं. रक्ताच्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सीरमपेक्षा वीसपटीहून जास्त असतं. ते आत राखायला पेशीच्या आवरणात पंप असतात. ते सोडियम सतत बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत ओढतात. (डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या नसांवर काम करताना हा पंप ओळखला, त्यासाठी १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.) पंपाला ऊर्जा लागते. बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या रक्तात पेशींचं ऊर्जा बनवणंही मंदावतं आणि पंपही. मग पोटॅशियम आतून हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटत नाहीत, फक्त गळतात. त्यामुळे नंतर बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की वर येणारं सीरम स्वच्छ, पिवळसरच दिसतं आणि कुणाला शंका येत नाही.

याचा एक परिणाम लोकांना पटायला जड जातो. रक्त थंड ठेवलं म्हणजे ते चांगलं राहिलं, हा आपला समज दुधा-भाजीवरून आलेला आहे. पुष्कळ तपासण्यांसाठी तो खरा आहे, पण न फिरवलेल्या रक्तातल्या पोटॅशियमसाठी अगदी उलटा आहे. पोटॅशियमसाठीचं रक्त साध्या तापमानाला अर्धा तास गोठू द्यायचं आणि दोन तासांच्या आत फिरवून सीरम पेशींपासून वेगळं करायचं, ही प्रयोगशाळांची मान्य पद्धत आहे. पिवळ्या टोपणाच्या बल्बमध्ये तळाशी जेल असतं. फिरवल्यावर ते पेशी आणि सीरम यांच्या मध्ये येऊन बसतं आणि दोन्ही वेगळं ठेवतं. एकदा असं वेगळं झालं की सीरम बर्फात पुण्याला काय, दिल्लीला गेलं तरी पोटॅशियम फारसं हलत नाही. पण फिरवायच्या आधीच बल्ब बर्फात ठेवला, की गळती सुरू. आणि जेलचा तोच बल्ब दुसऱ्यांदा फिरवू नये, कारण जेलखाली अडकलेला, पोटॅशियम साठलेला द्रव वर येऊन मिसळतो. काही ठिकाणी सीरम कमी पडलं की असं करतात; ते चूक आहे.

तुमच्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन वेळांच्या नोंदी छापलेल्या आहेत. सॅम्पल घेतलं ७.४०, लॅबला पोचलं १६.१०, रिपोर्ट २०.५५. बहुतेक लोक त्या ओळीकडे बघत नाहीत, पण मी सगळ्यात आधी तिथेच बघते. बार्शीहून पुण्याच्या टेबलावर यायला साडेआठ तास लागले. हे रक्त बार्शीतच फिरवून निघालं होतं की तसंच बर्फाच्या पेटीत गेलं, हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून लॅबला विचारायचा पहिला प्रश्न हाच: बल्ब कुठे आणि किती वाजता फिरवला?

दुसरी शंका हिमोलिसिसची, म्हणजे पेशी फुटण्याची. शीर नीट सापडली नाही, सुई फार बारीक होती, सिरिंजमधलं रक्त सुईतूनच जोराने बल्बमध्ये दाबलं, बल्ब हलक्या हाताने उलटसुलट करायच्या ऐवजी खळाखळा हलवला, तर पेशी फुटतात आणि आतलं सगळं पोटॅशियम एकदम बाहेर येतं. सीरम गुलाबी किंवा लाल दिसतं. आजची मोठी मशीन डोळ्यांवर न विसंबता प्रत्येक सीरमचा रंग मोजून हिमोलिसिस इंडेक्स नोंदवतात. तो आकडा रिपोर्टवर सहसा छापत नाहीत, पण लॅबच्या संगणकात असतो आणि विचारला तर सांगता येतो. सॅम्पल हिमोलाइज्ड निघालं, तर ‘त्यामानाने पोटॅशियम वजा करून द्या’ अशी मागणी करू नका. कुठल्या सॅम्पलमध्ये किती वजा करायचं याचा भरवशाचा हिशेब नाही. सॅम्पलच नवं घ्यावं लागतं.

तिसरी शंका बल्बांच्या क्रमाची. हिमोग्रामसाठीच्या जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. म्हणून आधी पिवळा बल्ब भरायचा, मग जांभळा. उलट झालं, किंवा पिवळ्यात रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं, तर पोटॅशियम वर जातं. याची खूण रिपोर्टमध्येच सापडते. ईडीटीए कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंक पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम खोटं कमी येतं आणि अल्कलाइन फॉस्फटेजही घसरतं. आईंचं कॅल्शियम ९.३ आणि अल्कलाइन फॉस्फटेज ८४ आहे, दोन्ही मर्यादेत. ईडीटीएची किंचित मिसळ यातून निसटू शकते, पण पोटॅशियम ६.२ पर्यंत चढवण्याइतकी मिसळ असती तर या दोन आकड्यांनी चुगली केली असती. त्यामुळे ही शंका मी जवळजवळ बाजूला ठेवली.

चौथी गोष्ट लॅबला माहीत नसते, आईंनाच विचारावी लागते. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ उघडझाप करायला सांगितलं होतं का? शीर वर यावी म्हणून ही सवय सगळीकडे आहे. पण पट्ट्याने रक्त अडलेलं असताना हाताचे स्नायू काम करतात आणि स्नायूंतलं पोटॅशियम त्याच अडलेल्या रक्तात उतरतं. नुसत्या एवढ्याने आकडा १ ने, कधी त्याहून जास्त चढू शकतो. तुम्ही आईंना विचारलंत तेव्हा त्या म्हणाल्या, ‘शीर सापडत नव्हती, बराच वेळ पट्टा होता, मूठ दहा-पंधरा वेळा उघडमीट केली.’ हे वाक्य मला लॅबच्या पहिल्या उत्तरापेक्षा जास्त उपयोगी वाटलं.

पाचवं कारण प्लेटलेट्सचं. रक्त गोठताना प्लेटलेट्स थोडं पोटॅशियम सोडतात. एरवी ते नगण्य असतं, पण प्लेटलेट्स पाच लाखांच्या वर असतील तर मोजण्याइतकं होतं. अशा वेळी रक्त गोठू न देता हिरव्या टोपणाच्या हेपरिन बल्बमध्ये घेऊन प्लाझ्मात पोटॅशियम तपासतात. आईंच्या प्लेटलेट्स २ लाख ६० हजार आहेत, म्हणजे हा मुद्दा इथे लागू नाही.

इतकं वाचून ‘मग रिपोर्ट खोटाच असणार’ असं धरून चालू नका. टेल्मिसार्टन हे पोटॅशियम खरोखर वाढवणाऱ्या औषधांपैकी एक आहे. त्याच्या जोडीला गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीच्या इन्फेक्शनसाठी ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक, किंवा बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेलं ‘लो सोडियम’ मीठ असेल, तर ६.२ हा आकडा खरा असण्याची शक्यता बरीच वाढते. त्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते, आणि पाकिटावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. घरातल्या मिठाचं पाकीट उलटून बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी आणि मिठाचं पाकीट, दोन्ही न्या. टेल्मिसार्टन स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते थांबवायचं का, हे डॉक्टर नव्या आकड्यावर ठरवतील. लॅब ते सांगू शकत नाही आणि तिला विचारूही नये.

क्रिएटिनिन ०.८ आहे, म्हणजे किडनीचं काम ठीक दिसतं, आणि खरं पोटॅशियम इतकं वाढायला सहसा किडनीचा हात असतो. हेही खोट्या वाढीच्या बाजूने झुकणारं आहे. पण झुकणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. नवा आकडा हातात येईपर्यंत ६.२ खराच आहे असं समजून वागायचं. किडनीच्या रुग्णाचं सॅम्पल हिमोलाइज्ड असलं तरी त्याचं पोटॅशियम आतूनही वाढलेलं असू शकतं. तिथे ‘सॅम्पल खराब होतं’ म्हणून सोडून देणं फार महागात पडतं.

लॅबला पाठवायचा मेसेज मी तुम्हाला असा लिहून दिला होता. नाव, तारीख आणि वेळा बदलून कुणीही वापरावा:

> रिपोर्ट क्रमांक अमुक. रुग्ण स्त्री, वय ६८. पोटॅशियम ६.२, तुम्ही त्याच सॅम्पलवर रिपीट केल्यावर ६.१. रुग्णाला किडनीचा ज्ञात आजार नाही, क्रिएटिनिन ०.८. टेल्मिसार्टन ४० चालू आहे. आधीच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ४.३ होतं.
>
> रिपोर्टनुसार सॅम्पल बार्शीत ७.४० ला घेतलं आणि पुण्यात १६.१० ला पोचलं. पोटॅशियमचा बल्ब सेंट्रिफ्यूज कुठे आणि किती वाजता केला? त्याआधी तो बर्फाच्या पेटीत होता का? या सॅम्पलचा हिमोलिसिस इंडेक्स किती नोंदला गेला? सॅम्पल घेताना पट्टा बराच वेळ होता आणि मूठ उघडझाप करायला सांगितली होती, असं रुग्ण सांगतात.
>
> ही माहिती पाहून, हा आकडा रुग्णाचा धरावा की नवं सॅम्पल घेऊन खात्री करावी, याबद्दल तुमच्या पॅथॉलॉजिस्ट किंवा बायोकेमिस्टचं मत लेखी कळवावं. त्यांच्याशी फोनवर बोलता आलं तर बरं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही आजच दुसरीकडे पोटॅशियम तपासून घेत आहोत, तो रिपोर्ट तुम्हाला पाठवू.

तुमचा पहिला मेसेज आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. ‘बरोबर आहे का?’ असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि ते कस्टमर केअरच्या टेबलावरच दिलं जातं. वेळ, बल्ब आणि इंडेक्स विचारला की त्या टेबलाला उत्तर देता येत नाही, मेसेज आत तांत्रिक विभागाकडे जावाच लागतो. आधीचा आकडा कळवणंही महत्त्वाचं. वर्षापूर्वी ४.३ आणि आज अचानक ६.२, मधे औषध बदललेलं नाही, हे वाचल्यावर कुठल्याही जाणत्या बायोकेमिस्टच्या मनात पहिली शंका सॅम्पलचीच येते. तुम्ही एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये गेला होतात. अशी मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर दिली जाते, आणि रिपोर्टच्या अर्थाबद्दल सल्ला देणं, तसंच धोक्याच्या मर्यादेपलीकडचा आकडा तातडीने कळवणं या गोष्टी त्या मानकात आहेत. धोक्याची मर्यादा प्रत्येक लॅब स्वतः ठरवते, कुणाची ६.० असते, कुणाची ६.५. तुमच्या लॅबची किती आहे, तेही विचारा. ६.२ ती ओलांडत असेल तर रात्री नुसती मोबाइलवर फाइल न धाडता फोन यायला हवा होता, आणि हे त्यांना स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आवाज चढवायची गरज नाही, पण सांगायला हवंच.

नवं सॅम्पल कुठे द्यायचं, हा सगळ्यात कामाचा निर्णय. तीच घरपोच सेवा, तीच बर्फाची पेटी, तोच पुण्याचा प्रवास असेल तर पुन्हा ६ च्या घरातला आकडा येईल आणि ‘दोनदा आलं म्हणजे खरंच’ असं सगळ्यांना वाटेल. म्हणून मी बार्शीतच, जिथे सेंट्रिफ्यूज आणि इलेक्ट्रोलाइटचं मशीन एकाच छताखाली आहे, अशा हॉस्पिटलमध्ये जायला सांगितलं. रक्त घेणाऱ्याला चार गोष्टी सांगायच्या: मूठ फक्त हलकी मिटेन, उघडझाप करणार नाही, पट्टा मिनिटाच्या आत सोडा, पोटॅशियमचा बल्ब जांभळ्याच्या आधी भरा, आणि बल्ब बर्फात न ठेवता इथेच फिरवा. नम्रपणे सांगितलं की कुणी वाईट मानत नाही.

काही हॉस्पिटलांत न फिरवलेल्या रक्तावर लगेच पोटॅशियम सांगणारं छोटं मशीन असतं. दोन मिनिटांत आकडा मिळतो आणि तातडीच्या वेळी ते वरदान आहे. पण त्यात सीरम वेगळं होत नसल्यामुळे पेशी फुटल्या असतील तर लाली दिसत नाही. तिथे आकडा नॉर्मल आला तर काळजी बरीच उतरते. जास्त आला तर बल्ब फिरवून सीरमवरही बघावं लागतं.

आईंचा ईसीजी नॉर्मल आला. नव्या सॅम्पलचा बल्ब घेतल्यापासून पाऊण तासात फिरवला गेला आणि पोटॅशियम ४.४ आलं. लॅबचं दुसरं उत्तर दोन दिवसांनी आलं, या वेळी बायोकेमिस्टच्या सहीने. बल्ब बार्शीच्या कलेक्शन सेंटरवर फिरवलेला नव्हता, सकाळपासून जेल पॅक असलेल्या पेटीत होता, पुण्यात १६.४० ला फिरवला. हिमोलिसिस नव्हतं. म्हणजे सकाळी ७.४० ते दुपारी ४.४०, नऊ तास तांबड्या पेशी गारठ्यात सीरममध्येच होत्या. त्यांनी रिपोर्ट दुरुस्त करून पोटॅशियमच्या ओळीखाली ‘सेंट्रिफ्यूजला उशीर, सॅम्पल या तपासणीसाठी अयोग्य’ असा शेरा घालून पाठवला, ते योग्यच केलं. त्या १.८ पैकी मुठीमुळे किती आणि गारठ्यामुळे किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. माझा कल गारठ्याकडे जास्त आहे, कारण सॅम्पल नऊ तास तसंच होतं.

याच वाटेवरची दुसरी चूक जास्त धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल कुणी लॅबला मेसेज करत नाही. बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं पोटॅशियम बऱ्याचदा कमी होतं. अशा माणसाचं खरं पोटॅशियम २.९ असेल आणि बल्ब नऊ तास बर्फात राहिला, तर रिपोर्टवर ४ च्या आसपासचा, कुठलीही खूण नसलेला, साधा छापील आकडा येईल. ठळक अक्षर नाही, ‘हाय’ नाही, ‘लो’ नाही. तुमच्या घरात अशा गोळ्या घेणारं कुणी असेल तर नॉर्मल आलेल्या रिपोर्टवरच्या वेळाही वाचा. घेतल्याची आणि पोचल्याची वेळ यांत बरंच अंतर असेल तर ‘बल्ब कलेक्शन सेंटरवर फिरवला होता का?’ एवढं विचाराच.

यापुढे आईंची किडनी आणि पोटॅशियमची तपासणी घरपोच न करता बार्शीतल्या त्या हॉस्पिटलमध्येच द्या. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड हवं तर पुण्याला जाऊ द्या. टेल्मिसार्टनचा डोस वाढला किंवा वर सांगितलेलं एखादं औषध नव्याने सुरू झालं, तर एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघतात, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. आणि ६.२ चा मूळ रिपोर्ट, शेरा असलेला दुरुस्त रिपोर्ट आणि ४.४ चा रिपोर्ट असे तिन्ही कागद एकत्र टाचून फाइलमध्ये ठेवा. मोबाइलमधली ६.२ वाली जुनी फाइलही काढून तिथे दुरुस्त केलेली ठेवा, म्हणजे उद्या वेगळ्या डॉक्टरांसमोर नुसता तो एक आकडा जाऊन आईंचं चांगलं चाललेलं औषध बंद व्हायला नको.